फोन सेल बदलतो तेव्हा: एका वळणावर तुटणाऱ्या कॉलचा माग

मोठ्या रस्त्यावरून एका अरुंद रस्त्यात वळताना चालू कॉल तुटतो, अशी तक्रार आमच्या ऑप्टिमायझेशन गटाकडे आली आणि तिचा तपास माझ्याकडे देण्यात आला. वळणाच्या अलीकडे आणि पलीकडे सिग्नल उत्तम होता. मोठ्या रस्त्यावर तो एका सेलचा, म्हणजे बेस स्टेशनच्या अँटेनाने व्यापलेल्या एका टापूचा, होता आणि आतल्या रस्त्यावर दुसऱ्या सेलचा. कव्हरेजचा प्रश्न नव्हता, हे नकाशावरच दिसत होते. पहिल्या सेलकडून दुसऱ्या सेलकडे फोन सोपवला जाण्याच्या मधल्या सेकंदभरात काहीतरी बिनसत होते, आणि तो सेकंद उलगडून पाहणे एवढेच माझे काम होते. त्या निमित्ताने एलटीई म्हणजे ४जी नेटवर्कमधल्या या सोपवणुकीचा, हँडओव्हरचा, प्रत्येक टप्पा मला लॉगमध्ये इतक्या जवळून पाहायला मिळाला, की तो क्रमाने लिहून ठेवावासा वाटला.

ड्राइव्ह टेस्टची मांडणी नेहमीचीच होती. गाडीच्या टपावर जीपीएसचा अँटेना, मांडीवर लॅपटॉप, आणि त्याला केबलने जोडलेला चाचणीचा फोन. या फोनमधून नेटवर्कशी होणारा प्रत्येक संदेश मिलिसेकंदाच्या वेळेसह लॅपटॉपवर उमटतो. डेटा डाउनलोड लावण्याऐवजी मी एलटीईवरून चालणारा व्हॉइस कॉल लावून ठेवला होता. बोलणे चालू असताना आवाजाचे पॅकेट दर २० मिलिसेकंदांनी येत असते, त्यामुळे मध्ये कुठे खंड पडला तर तो किती लांबीचा होता हे मोजायला वेगळे काही करावे लागत नाही.

वळणाकडे जाण्याआधी मी त्याच मोठ्या रस्त्यावर सरळ पुढे जाऊन एक निर्विघ्न हँडओव्हर नोंदवून घेतला. बिघाड शोधताना शेजारी ठेवायला एक धडधाकट नमुना लागतोच. या रस्त्यावरच्या सेलचा पीसीआय, म्हणजे फोनला हवेतून ओळखू येणारा त्या सेलचा क्रमांक, ११८ होता आणि सरळ पुढच्या सेलचा ३४२. एलटीईमध्ये असे क्रमांक ० ते ५०३ एवढेच असतात आणि ते पुन्हापुन्हा वापरले जातात. जवळपासच्या दोन सेलना एकच क्रमांक मिळू नये याची काळजी नियोजनातच घ्यावी लागते.

पहिला टप्पा मोजमापाचा असतो आणि तो हँडओव्हरच्या बराच आधी सुरू झालेला असतो. कॉल लागताच ११८ ने फोनला एक RRCConnectionReconfiguration संदेश पाठवला होता आणि त्यात कोणती फ्रिक्वेन्सी मोजायची, कोणती अट पूर्ण झाली की कळवायचे आणि कळवताना काय सांगायचे, हे ठरवून दिले होते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे सेल बदलण्याचा निर्णय फोन घेत नाही. कॉल चालू असताना फोन फक्त मोजतो आणि कळवतो. जायचे की नाही आणि कुठे जायचे, हे सध्याचा सेल ठरवतो. फोन निवांत पडलेला असताना मात्र तो स्वतःच सेल निवडतो, आणि या दोन अवस्थांची गल्लत झाली की लॉगचा अर्थच चुकतो.

आमच्या नेटवर्कमध्ये लावलेली अट ‘ए-३’ या नावाने ओळखली जाते. शेजारचा सेल सध्याच्या सेलपेक्षा ठरावीक अंतराने सरस झाला की ती पूर्ण होते. दोन्ही सेल एकाच फ्रिक्वेन्सीवर असताना आणि बाकीची समायोजने शून्य असताना तिचे रूप असे उरते:

```
Mn + Ocn - Hys > Ms + Off
```

`Mn` म्हणजे शेजारच्या सेलची मोजलेली पातळी आणि `Ms` म्हणजे सध्याच्या सेलची. `Off` आमच्याकडे ३ डीबी होता आणि `Hys` १ डीबी. `Ocn` हा त्या एका विशिष्ट शेजाऱ्यापुरता दिलेला अधिक-उणा भार असतो. आम्ही त्याला सीआयओ म्हणतो आणि तो त्या वेळी सगळीकडे शून्य होता. थोडक्यात, शेजारी ४ डीबीने वरचढ व्हायला हवा होता, आणि तोही क्षणभर नव्हे. ही अट सलग ३२० मिलिसेकंद टिकायला हवी होती. या टिकण्याच्या काळाला टाइम टू ट्रिगर म्हणतात, रोजच्या बोलण्यात टीटीटी. सिग्नल सतत वरखाली होत असतो, आणि हा काळ ठेवला नाही तर फोन प्रत्येक लाटेसरशी इकडून तिकडे उड्या मारत राहील.

अट टिकली आणि फोनने अहवाल पाठवला. लॉगमधल्या पुढच्या ओळी अशा होत्या:

```
10:42:17.312  UL  MeasurementReport
10:42:17.359  DL  RRCConnectionReconfiguration
10:42:17.371  UL  RRCConnectionReconfigurationComplete
10:42:17.389  MAC Random Access Response
```

अहवालात सध्याच्या सेलसाठी ४३ आणि शेजाऱ्यासाठी ४७ असे आकडे होते. हे आकडे डीबीएममध्ये नसतात. ० ते ९७ अशा पट्टीवर ते दिले जातात आणि त्यातून १४१ वजा केले की पातळीची खालची मर्यादा मिळते. म्हणजे ११८ उणे ९८ ते उणे ९७ डीबीएमच्या दरम्यान होता आणि ३४२ उणे ९४ ते उणे ९३ च्या दरम्यान. फरक चारच्या आसपास, अटीला साजेसा.

अहवाल आणि त्यावरची आज्ञा यांच्यात ४७ मिलिसेकंद गेले, आणि या वेळात फोनच्या लॉगमध्ये अवाक्षरही उमटत नाही. जे काही चालले होते ते दोन बेस स्टेशनच्या मध्ये. ते पाहण्यासाठी मी बेस स्टेशनच्या बाजूचा ट्रेस मागवून घेतला होता. ११८ च्या बेस स्टेशनने ३४२ च्या बेस स्टेशनला विचारले, की असा असा एक फोन तुमच्याकडे पाठवत आहे, त्याच्यावर आवाजाचा कॉल चालू आहे, सामावून घ्याल का. समोरच्याने आपल्याकडची जागा तपासून होकार दिला आणि त्या होकाराच्या पोटातच फोनला द्यायची आज्ञा तयार करून पाठवली. फोनला मिळणारी हँडओव्हरची आज्ञा जुन्या सेलकडून येत असली तरी तिचा मजकूर नव्या सेलने लिहिलेला असतो. जुना सेल ती जशीच्या तशी पुढे देतो. नवा सेल फोनला त्याच्याकडचा ओळख क्रमांक आधीच राखून ठेवतो, शिवाय पहिली हाक देण्यासाठी ६४ पैकी एक ठरावीक खूणही त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. त्यामुळे फोन तिथे पोहोचतो तेव्हा त्याला इतरांशी स्पर्धा करावी लागत नाही.

आज्ञेचे नावही RRCConnectionReconfiguration हेच असते, त्यामुळे लॉग नवशिक्याने पाहिला तर हँडओव्हर कोणता आणि साधा बदल कोणता हे नावावरून कळत नाही. संदेश उघडून आत mobilityControlInfo हा भाग आहे का, हे पाहावे लागते. तो असला तर तो हँडओव्हर. त्याच भागात नव्या सेलचा क्रमांक असतो आणि टी-३०४ या टायमरचे मूल्यही असते. आज्ञा मिळताच फोन हा टायमर सुरू करतो आणि जुन्या सेलशी असलेला संपर्क सोडतो. नवा धागा जुळण्याआधी जुना सुटतो, ही एलटीईमधल्या नेहमीच्या हँडओव्हरची रीत आहे, आणि मधला तो अल्पकाळ फोन कोणाचाच नसतो.

यानंतर फोनने ३४२ च्या वेळेशी आपली वेळ जुळवली, राखून ठेवलेली खूण पाठवली आणि उत्तर मिळवले. उत्तरात वेळेच्या दुरुस्तीचा आकडा ६ होता. यातली प्रत्येक पायरी सुमारे ७८ मीटर अंतराची असते, म्हणजे टॉवर साधारण ४७० मीटरवर होता. नकाशाशी ते जुळले. आज्ञेपासून उत्तरापर्यंत ३० मिलिसेकंद लागले. आवाजाच्या पॅकेटमध्ये सर्वांत मोठा खंड ६० मिलिसेकंदांच्या आसपास होता आणि कानाला तो अजिबात जाणवला नाही.

पडद्यामागे बेस स्टेशन आणि मुख्य नेटवर्क यांच्यात काही आवराआवर चालूच होती. जुने बेस स्टेशन पॅकेटचे अनुक्रमांक नव्याला कळवते, फोनपर्यंत न पोहोचलेली पॅकेट त्याच्याकडे वळवते, आणि फोन पोहोचल्याची खात्री झाली की नवे बेस स्टेशन मुख्य नेटवर्कला सांगून प्रवाहाचा मार्गच बदलून घेते. जुन्या मार्गावरचे शेवटचे पॅकेट कोणते, हे कळावे म्हणून त्यामागून एक समाप्तीची खूण पाठवली जाते. सगळे झाल्यावर जुन्या बेस स्टेशनला फोनची नोंद पुसायला सांगतात. हा भाग सहसा बिघडत नाही, आणि बिघडला तरी त्याचे लक्षण वेगळे असते: फोन नव्या सेलवर व्यवस्थित बसलेला दिसतो, पण आवाज मात्र येत नाही.

आता वळण. आतल्या रस्त्यावरच्या सेलचा पीसीआय २५७. मोठ्या रस्त्यावर असताना ११८ उणे ८८ डीबीएम आणि २५७ उणे १००. कोपऱ्यावर एक उंच इमारत आहे. गाडी तिच्या आड गेली की ११८ चा टॉवर दिसेनासा होतो आणि २५७ चा टॉवर समोर येतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर या वेगाने वळताना सुमारे २० मीटरमध्ये ११८ उणे ८८ वरून उणे ११२ पर्यंत कोसळत होता आणि त्याच दोन सेकंदांत २५७ उणे १०० वरून उणे ९० वर चढत होता.

पहिल्याच वळणावर कॉल तुटला. लॉगमध्ये MeasurementReport उमटला, नंतर २४० मिलिसेकंदांनी पुन्हा एकदा उमटला, पण आज्ञा काही आली नाही. माझ्याबरोबर नव्याने कामाला लागलेला सहकारी होता, त्याने विचारले, “मॅडम, रिपोर्ट तर गेलाय, मग समोरून कमांड का येत नाही?” प्रश्न रास्त होता. लॉगमधली ती ओळ अहवाल फोनच्या वरच्या थरात तयार झाल्याची असते. तो हवेतून पलीकडे पोहोचल्याची नसते. अहवाल पाठवायला फोनला आधी परवानगी मागावी लागते आणि ती परवानगी खाली येणाऱ्या कंट्रोल चॅनलवर मिळते. तो चॅनल वाचता आला नाही तर अहवाल फोनमध्येच पडून राहतो. खालच्या थराची नोंद उघडली तेव्हा नेमके तेच दिसले: फोन परवानगी मागत होता, वारंवार मागत होता, आणि परवानगी मिळाल्याची एकही नोंद नव्हती. बेस स्टेशनच्या ट्रेसमध्ये त्या फोनचा अहवाल आलेलाच नव्हता.

ही खातरजमा करणे आवश्यक होते, कारण आज्ञा न येण्याचे दुसरेही एक नेहमीचे कारण असते. अहवाल व्यवस्थित पोहोचतो, पण त्यातला सेल जुन्या सेलच्या शेजाऱ्यांच्या यादीतच नसतो, त्यामुळे बेस स्टेशनला तो कोणाचा हे कळत नाही. अशा वेळी फोनला परवानग्या मिळत राहतात, सिग्नलची गुणवत्ता काही काळ बरी असते आणि अहवालामागून अहवाल जात राहतात. वरच्या थराच्या लॉगमध्ये दोन्ही बिघाड एकसारखे दिसतात, उपाय मात्र पूर्ण वेगळे आहेत. इथे २५७ यादीत होता.

मग कंट्रोल चॅनल वाचता का आला नाही? एलटीईमध्ये शेजारचे सेल बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. त्यामुळे २५७ जितका चढतो तितका तो ११८ च्या सिग्नलमध्ये गोंगाट म्हणून मिसळतो. जो सेल उद्या आपला होणार, तोच आज आपल्या बोलण्यात व्यत्यय आणत असतो. २५७ पूर्ण भाराने चालू आहे असे धरले, तर तो जितक्या डीबीने वरचढ तितकी ११८ ची गुणवत्ता शून्याच्या खाली जाते. कंट्रोल चॅनल उणे ६ किंवा उणे ७ पर्यंत कसाबसा वाचता येतो. उणे ८ च्या पलीकडे त्याचा भरवसा धरता येत नाही.

आकडे मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होते. सुरुवातीला २५७ हा १२ डीबीने मागे होता. ११८ सेकंदाला १२ डीबीने उतरत होता आणि २५७ सेकंदाला ५ डीबीने चढत होता, म्हणजे दोघांमधला फरक सेकंदाला १७ डीबीने बदलत होता. ४ डीबीने वरचढ व्हायला एकूण १६ डीबी कापायचे होते, म्हणजे वळण सुरू झाल्यापासून ०.९४ सेकंद. पण फोन क्षणाची पातळी वापरत नाही. खालचा थर साधारण २०० मिलिसेकंदांची सरासरी काढतो आणि वरचा थर ती पुन्हा गुळगुळीत करतो. आमच्याकडे नवी किंमत अर्धी आणि जुनी अर्धी असे मिश्रण होते. एका चालीने उतरणाऱ्या सिग्नलवर या दोन्ही गाळण्यांमुळे फोनचे ज्ञान सुमारे ०.३ सेकंद मागे राहते. त्यावर टीटीटीचे ०.३२ सेकंद. बेरीज केली की अहवाल १.५६ व्या सेकंदाला तयार होतो. तेव्हा प्रत्यक्षात २५७ हा १४.५ डीबीने वरचढ झालेला असतो, आणि ८ डीबीची रेषा तर १.१८ व्या सेकंदालाच ओलांडलेली असते. अहवाल जन्माला येतो तोच तब्बल पावणेचारशे मिलिसेकंद उशिरा.

लॉगमधल्या अहवालाचे आकडे याला दुजोरा देत होते. त्यात सध्याच्या सेलसाठी ३७ आणि शेजाऱ्यासाठी ४७ होते, म्हणजे फरक १० चा. सरळ रस्त्यावरच्या अहवालात तो ४ होता. टीटीटी चालू असताना फरक इतका वाढलेला असणे हीच घाईने बदलणाऱ्या सिग्नलची खूण असते, आणि आता मी कुठल्याही लॉगमध्ये पहिली नजर त्याच दोन आकड्यांवर टाकते. शिवाय तोही आकडा ०.३ सेकंद शिळा. खरा फरक त्याहून मोठा.

पुढचा प्रकार पाहायला काहीसा विचित्र वाटतो. कंट्रोल चॅनल वाचता येत नाही असे फोनच्या खालच्या थराने लागोपाठ दहा वेळा कळवल्यावर टी-३१० हा टायमर सुरू झाला. आमच्याकडे त्याचे मूल्य एक सेकंद होते. त्या पूर्ण सेकंदात गाडी वळणाच्या आत आली होती, २५७ चा सिग्नल उणे ९० डीबीएम असा खणखणीत होता, आणि फोन मात्र इमारतीमागे गडप झालेल्या ११८ ची वाट पाहत बसला होता. टायमर संपल्यावरच त्याने संपर्क तुटल्याचे मान्य केले, सेल शोधला, अर्थातच २५७ सापडला, आणि त्याने तिथे RRCConnectionReestablishmentRequest पाठवली. त्या विनंतीत कारण द्यावे लागते आणि ते कारण वाचणे तपासाच्या दृष्टीने फार उपयोगाचे असते. इथे ते otherFailure होते, म्हणजे आज्ञा मिळण्याआधीच संपर्क तुटला. हेच handoverFailure असते तर आज्ञा मिळाली होती, पण टी-३०४ संपेपर्यंत नव्या सेलवर पोहोचता आले नाही, असा अर्थ झाला असता. मग शोध नव्या सेलच्या बाजूने घ्यावा लागला असता.

२५७ ने विनंती नाकारली. त्याला या फोनबद्दल कोणी काही सांगितलेच नव्हते. अहवाल पोहोचला असता तर जुन्या सेलने त्याच्याकडे आधी विचारणा केली असती आणि फोनची माहिती तिथे तयार असती. ती नसल्यामुळे फोनला सगळे सोडून पहिल्यापासून जोडणी करावी लागली आणि कॉल तेवढ्यात संपला. टी-३१० लहान केला तर निभावेल का, असा विचार बैठकीत निघाला होता. मला तो पटला नाही. त्याने शांततेचा काळ कमी झाला असता, पण विनंती नाकारली जाणे तसेच राहिले असते, आणि पुलाखाली किंवा मोठ्या वाहनाच्या आड क्षणभर सिग्नल गमावून परत मिळवणारे फोन मात्र विनाकारण तुटले असते.

दुखणे अट उशिरा पूर्ण होण्याचे होते, तेव्हा उपायही तिथेच करायचा होता. एकट्या टीटीटीने भागले नसते, हे वरच्या हिशेबातच दिसते: तो शून्य केला तरी ०.९४ आणि ०.३ मिळून १.२४ सेकंद होतात, आणि रेषा १.१८ ला ओलांडली जाते. त्यामुळे मी ११८ कडून २५७ कडे जाताना सीआयओ अधिक ६ डीबी सुचवला. म्हणजे २५७ हा २ डीबीने मागे असतानाच अट पूर्ण होऊ लागते. त्यासाठी १६ ऐवजी फक्त १० डीबी कापायचे, म्हणजे ०.५९ सेकंद. त्यात गाळण्यांचे ०.३ आणि १६० मिलिसेकंदांवर आणलेला टीटीटी मिळवला की अहवाल १.०५ व्या सेकंदाला निघतो आणि आज्ञा १.१० च्या सुमारास येते. त्या क्षणी फरक ६.७ डीबी असतो. वाचण्याच्या हद्दीत, पण काठावर. सीआयओ ८ घेतला असता तर आणखी मोकळीक मिळाली असती, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली असती.

ती किंमत अशी. पूर्वी ११८ वरून २५७ वर जायला २५७ हा ४ डीबीने वरचढ लागत होता आणि परत यायला ११८ तितकाच वरचढ लागत होता, म्हणजे मध्ये ८ डीबीची ऐसपैस मोकळी जागा होती. नव्या मूल्यांनी ती २ डीबीवर आली. वेगाने वळणाऱ्या गाडीला याचा त्रास नाही, कारण आज्ञा मिळेपर्यंत २५७ बराच पुढे गेलेला असतो. पण कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमध्ये २ डीबीची चढउतार सहज होते आणि त्याचा फोन दोन सेलच्या मध्ये हेलकावे खाऊ शकतो. परतीच्या बाजूला उणे सीआयओ देऊन ही जागा पुन्हा वाढवता आली असती. मात्र तसे केले असते तर आतल्या रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्यांचा हँडओव्हर उशिरा होऊन तिथे कॉल तुटायला लागले असते. सध्या ती बाजू निभावते, कारण बाहेर येणाऱ्या गाड्या तोंडाशी थांबून सावकाश निघतात आणि सिग्नलही त्यामुळे सावकाश बदलतो. म्हणून परतीचा सीआयओ मी शून्यच ठेवला.

मोठ्या रस्त्यावरून सरळ जाणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आमच्या गटप्रमुखांनी विचारला आणि तो मी आधीच तपासून ठेवला होता. सरळ रस्त्यावर २५७ कायम १० ते १२ डीबीने मागे असतो. नवी अट २ डीबीवर असल्याने तिथल्या फोनना तिची झळ लागत नाही. सीआयओचा फायदाच हा, की तो एका जोडीपुरता असतो. टीटीटीचे तसे नाही; तो त्या सेलच्या सगळ्या शेजाऱ्यांना लागू होतो, म्हणून ३४२ च्या बाजूचाही पुन्हा एकदा फेरा मारून पाहिला. तिथे हँडओव्हर थोडा लवकर होऊ लागला होता, एवढेच.

बदल लागू झाल्यावर वळणाच्या लॉगमध्ये अहवालाचे आकडे ४३ आणि ४५ असे आले. फरक २ डीबी. नवी अट २५७ मागे असतानाच पूर्ण झाली होती आणि टीटीटी संपेपर्यंत तो जेमतेम पुढे सरकला होता. पहिल्या अहवालाला लगेच आज्ञा मिळाली, आवाजातला खंड सरळ रस्त्याइतकाच राहिला. एखाद्या फेरीत अहवाल पहिल्या प्रयत्नात न पोहोचता खालच्या थराला तो पुन्हा पाठवावा लागला, कारण हद्द काठावरचीच आहे. त्या फेरीत गाडी जरा जोरात वळली होती. अधिक वेगासाठी या मूल्यांत जागा उरलेली नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे आज्ञा आधीच देऊन ठेवायची आणि ती कोणत्या अटीवर पाळायची हे फोनवर सोपवायचे, म्हणजे कोसळत्या सिग्नलमध्ये अहवाल आणि आज्ञा यांची ये-जा करावीच लागत नाही. ही सशर्त हँडओव्हरची सोय मानकाच्या १६ व्या आवृत्तीत आली आहे, पण आमच्या त्या सेलवर ती उपलब्ध नव्हती.

हेलकाव्यांवर लक्ष ठेवायला मी २५७ वर गेलेला फोन काही सेकंदांत ११८ वर परत येण्याचा काउंटर रोजच्या अहवालात जोडून घेतला. तो थोडा वाढला. ज्या वेळी कोपऱ्यावर माणसे उभी असतात त्याच वेळी वाढतो, रात्री खाली येतो. प्रत्येक हेलकाव्यात साठेक मिलिसेकंदांचा खंड पडतो आणि कॉल शाबूत राहतो, त्यामुळे तो आम्ही स्वीकारला आणि सीआयओ ६ वरच ठेवला.